लोकेशनवर शूटच्या आधी फोनवर घेतलेला शॉट: किती खरा धरायचा?

बालाघाटकर

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईपासून जवळच्या एका गावात माळवदाचा जुना वाडा शॉर्टफिल्मसाठी मिळालाय. मालक बाहेरगावी असतात. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यात, शूटपुरता वाडा उघडून देतो म्हणालेत. कॅमेरा भाड्यानं येणार, सोनी एफएक्स 30, सोबत 24, 35 आणि 50 मिलिमीटर अशा तीन प्राइम लेन्स. भाडं दिवसावर आहे, त्यामुळं तिथं जाऊन विचार करत बसायला वेळ नाही.

मुख्य सीन असा. मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो. पूर्वेकडच्या ढेलजेतून आत येतो, चौकात पोचतो. दक्षिणेच्या ओसरीवर खांबाला टेकून आजी बसलेली. कॅमेरा त्याच्या पुढं राहून उलटा सरकत ढेलजेतून चौकात येतो, तो थांबतो, मग कॅमेरा वळून आजीवर जातो आणि तिच्या चेहऱ्याजवळ पोचतो. मधे कट नाही.

मे महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा मावसभावाला आणि मावशीला उभं करून अख्खा शॉट फोनवर घेतला. झकास दिसायलाय. आता टीममधला एक जण म्हणतोय, "हे फोनमधलं काही खरं नसतं, तिथं गेल्यावर सगळं बदलतं." दुसरा म्हणतोय, "सगळं ठरलंय, आता फक्त कॅमेरा लावायचा." यातलं खरं किती?

खिचडी

फोनवर झकास दिसतंय ना? मग फोनवरच रिलीज करा. भाड्याच्या पैशात टीमला हुरडा पार्टी.

नांदेडी_क्लिक

माझी दहा वर्षं लग्नाच्या शूटमध्ये गेलीत, अनुभवावरून सांगतो. आजकालच्या फोनमध्ये शॉर्टफिल्म आरामात होते. फक्त चांगला फोन घ्या, 4के असलेला, आणि एक छोटा गिंबल. एफएक्स 30 कशाला पाहिजे? मी हळदीचे सगळे रील फोनवरच काढतो.

बालाघाटकर

@नांदेडी_क्लिक, भाऊ, शूट फोनवर करायचं नाही. शूटच्या आधी कॅमेरा कुठं ठेवायचा, कसा हलवायचा, हे फोनवर बघून ठेवायचंय.

पन्नास_एमएम

तुमचा पहिला मित्र बरोबर आहे. फोनची लेन्स वाइड असते. त्यावर झूम केलं म्हणजे फक्त चित्र कापलं जातं, 50 ची लेन्स लावल्यासारखं होत नाही. 50 मध्ये चेहरा सपाट दिसतो, मागची भिंत जवळ येते. फोनमध्ये ते कधीच येणार नाही. त्यामुळं फोनवर फक्त कोण कुठं उभं राहणार तेवढं बघा, फ्रेमिंग तिथं गेल्यावरच.

गोदाकाठचा

कॅमेरा असिस्टंट म्हणून बरीच वर्षं काम केलंय, आता फोकस ओढतो. पन्नास_एमएम यांचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यामुळं लोक फोनचा खरा उपयोग करत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भिंत जवळ येणं, चेहरा सपाट होणं हे लेन्समुळं होत नाही, तुम्ही किती लांब उभे आहात त्यामुळं होतं. 50 लावली की माणूस फ्रेमसाठी मागं जातो आणि त्या मागं जाण्यानं चित्र बदलतं. म्हणून फोन बरोबर त्याच जागी, त्याच उंचीवर धरला आणि फ्रेम तेवढीच कापली, तर आजीमागचा खांब, त्यामागचं दार, त्यांचे एकमेकांशी आकार हे सगळं एफएक्स 30 वर दिसेल तसंच फोनमध्ये दिसतं. जो फरक उरतो तो मागच्या धूसरपणाचा. फोनचा सेन्सर बारीक, त्यामुळं मागचं दार त्यात स्पष्ट राहतं, तुमच्या कॅमेऱ्यावर ते विरघळेल.

मात्र "तेवढीच कापली" हे अंदाजानं करून भागत नाही. फोन एकदा मोजून घ्यायचा. एफएक्स 30 चा सेन्सर 23.3 मिलिमीटर रुंद आहे. भिंतीपासून 3 मीटरवर कॅमेरा ठेवला तर भिंत किती रुंद दिसेल? सेन्सरची रुंदी भागिले लेन्स, गुणिले अंतर. 35 ला 23.3 भागिले 35 गुणिले 3, म्हणजे जवळपास 2 मीटर. 24 ला 2.9 मीटर. 50 ला 1.4 मीटर.

आता घरातल्या सरळ भिंतीवर 2 मीटर अंतरावर कागदी टेपच्या दोन उभ्या पट्ट्या चिकटवा. फोन स्टॅण्डवर, लेन्स भिंतीपासून मोजून 3 मीटर, फोन भिंतीला अगदी समोरासमोर. व्हिडिओ मोडमध्ये जा आणि दोन्ही पट्ट्या फ्रेमच्या दोन कडांना टेकेपर्यंत झूम करा. जो आकडा दिसेल तो तुमच्या फोनचा 35. वहीत लिहा. तसंच 24 आणि 50 चं करा. दुसऱ्याच्या फोनचा आकडा उसना घेऊ नका. शेजाऱ्याचा चष्मा लावल्यासारखं होतं ते.

व्हिडिओ मोडमध्येच मोजा, फोटोत नाही. बऱ्याच फोनमध्ये व्हिडिओ सुरू केला की चित्र स्थिर ठेवण्यासाठी कडा कापल्या जातात, म्हणून फोटोतला 1 एक्स आणि व्हिडिओतला 1 एक्स एक नसतो.

पन्नास_एमएम

म्हणजे मी उभा कुठं आहे यावर सगळं? मग लेन्स कंपन्या "पोर्ट्रेट लेन्स" म्हणून 85 विकतात ते काय उगाच?

गोदाकाठचा

उगाच नाही. 85 लावल्यावर चेहरा फ्रेमभर घ्यायला तुम्ही दोन-अडीच मीटरवर जाता आणि त्या अंतरावरून नाक मोठं दिसत नाही. त्याच जागेवरून 24 नं फोटो काढून मधला भाग कापा, नाक तेवढंच दिसेल. करून बघा, संध्याकाळी घरात होण्यासारखं आहे.

त्रिमिती

मोजायची एवढी कटकट कशाला? कॅड्राज, आर्टेमिस असली ॲप आहेत ना. कॅमेरा निवडायचा, लेन्स निवडायची, फोनवर चौकट काढून देतात. आमच्या कॉलेजात सगळे तेच वापरतात.

गोदाकाठचा

वापरा की, मी पण वापरतो. भिंतीवरच्या पट्ट्यांपुढं ॲपसुद्धा एकदा तपासून घ्या एवढंच. तुमच्या फोनच्या मॉडेलची माहिती त्यात नीट नसेल तर चौकट थोडी मोठी-लहान पडते, आणि पट्ट्यांवर ते लगेच दिसतं. ॲपचा मोठा फायदा असा की लेन्स, उंची, दिशा हे सगळं फोटोसोबत लिहून राहतं.

आणखी एक. फोनला दोन-तीन कॅमेरे असतात. झूम करत गेलं की फोन न सांगता एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. उडी मारली की जागा थोडी सरकते, आणि जवळच्या वस्तूवर ते जाणवतं. अंधार असेल तर तो उडी न मारता पहिल्याचंच चित्र ताणतो, म्हणजे ढेलजेत एक वागणूक आणि चौकात दुसरी. कोणता कॅमेरा चालू आहे ते बघायला एकेका लेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं झालं की तोच. बालाघाटकर, तुमच्या तिन्ही लेन्स बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या आतच बसतील, कारण 24 सुद्धा या सेन्सरवर फुल फ्रेमच्या साधारण 36-37 एवढी दिसते. त्यामुळं मुख्य कॅमेऱ्यावरच राहा.

रंगपीठ

मी नाटकवाली, परभणीची. तुमच्या आकडेमोडीत मला पडायचं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही फोनवर फ्रेम इतकी पक्की करून ठेवली की तिथं नटाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. ज्या बाई आजीचं काम करणार त्या खांबाला टेकून बसतील की उठून उभ्या राहतील हे त्यांना त्या ओसरीवर बसल्यावर कळणार. एका शूटला मी काम केलं तिथं दिग्दर्शक फोन दाखवून म्हणायचे, "इथं तुमचं डोकं या रेषेवर पाहिजे." पूर्ण सीन मी त्या रेषेवर डोकं ठेवण्यात घालवला.

बालाघाटकर

ताई, पटतंय. पण माझ्याकडं वेळ नाही. मला निदान कॅमेरा कुठून जाऊ शकतो हे तरी आधी कळायला पाहिजे.

रंगपीठ

तेवढंच बघा मग. माझ्या डोक्याचं मी बघते.

शून्य_सावली

मी लातूरला भूगोल शिकवतो, सिनेमातलं काही कळत नाही, पण पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट खटकली. टेस्ट मे महिन्यात आणि शूट नोव्हेंबरच्या मध्यात. टेस्ट दिवसाच्या किती वाजता घेतली होती?

बालाघाटकर

दुपारी बाराच्या पुढं. मावशी स्वयंपाकातून मोकळी झाली तेव्हा.

शून्य_सावली

मग तुमच्या फोनमधलं ऊन नोव्हेंबरात मिळणार नाही, काहीही केलं तरी.

अंबाजोगाईचा अक्षांश साधारण 18.7 उत्तर. मेच्या मध्यात सूर्य तिथं दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. त्याच दिवसांत आम्ही मुलांना शून्य सावली दाखवतो, शाळेच्या मैदानात काठी उभी करून. म्हणजे तुमच्या चौकाच्या फरशीवर चारही बाजूंनी सरळ ऊन होतं. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य दक्षिणेकडं सरकलेला असतो. भर दुपारी, आपल्या घड्याळात सव्वाबाराच्या आसपास, तो क्षितिजापासून साधारण 53 अंशावर असतो.

चौक केवढा आणि माळवदाची कड किती उंच?

बालाघाटकर

चौक पाच मीटर बाय पाच मीटर धरा. माळवदाची कड फरशीपासून साडेतीन मीटर असेल.

शून्य_सावली

साडेतीन मीटरच्या कडेची सावली त्या वेळी उत्तरेकडं अडीच मीटरहून थोडी जास्त पडेल. म्हणजे चौकाचा दक्षिणेकडचा अर्धा भाग सावलीत, उत्तरेकडचा उन्हात. तुमची आजी दक्षिणेच्या ओसरीवर. मेमध्ये तिच्या पायापाशी तापलेली फरशी होती, तिच्यावरून उजेड उसळून चेहऱ्यावर येत होता. नोव्हेंबरात ती उजेडाची फरशी तिच्यापासून अडीच मीटर लांब गेलेली असेल.

तीन वाजता तर सूर्य 34 अंशावर येतो, नैऋत्येला. तेव्हा पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या दोन्ही कडांची सावली येते आणि चौकात ईशान्येच्या कोपऱ्यात चटईएवढं ऊन उरतं, बाकी सावली.

लाइटवाला_जालना

मास्तर, एक नंबर. आमच्याकडं हे शूटच्या दिवशी कळतं, मग "अरे थर्माकोल आणा" म्हणून पळापळ. बालाघाटकर भाऊ, चौकाच्या उत्तरेच्या उन्हात दोन पांढरे थर्माकोल आजीकडं तोंड करून झोपवले की मेमधली फरशी परत आली समजा. पण तुमचा कॅमेरा चौकात फिरणार, त्याच्या फ्रेममध्ये थर्माकोल येतील का ते आधी बघा. उलटा सरकताना फ्रेम पूर्वेकडं आहे ना? मग उत्तरेचा डावा कोपरा दिसणार.

शून्य_सावली

सूर्याची जागा दाखवणारी ॲप आहेत, सन सर्व्हेयर वगैरे. तारीख पुढची टाकून फोन आकाशाकडं धरला की त्या दिवशीचा सूर्याचा रस्ता कॅमेऱ्याच्या चित्रावर दिसतो. फक्त फोनच्या होकायंत्रावर डोळे झाकून विश्वास नको. फोनच्या कव्हरला लोहचुंबक असेल, जवळ लोखंडी कपाट किंवा पत्रा असेल तर दिशा बरीच चुकते. तपासायचं सोपं आहे. ॲपमध्ये आजची तारीख आणि आत्ताची वेळ ठेवा. ॲपचा सूर्य खऱ्या सूर्यावर बसला पाहिजे. बसत नसेल तर कव्हर काढा, लोखंडापासून लांब व्हा, आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून होकायंत्र परत जुळवा.

खिचडी

भूगोलाचा तास चालू आहे, मागच्या बाकावरून हजेरी.

अवांतर: हा वाडा विकायला आहे का?

बालाघाटकर

नाही ओ, आणि माळवदावर चढू नका अशी आधीच ताकीद आहे. पावसानं एक खण खचलाय.

लाइटवाला_जालना

उजेडाचं निघालंच आहे तर. फोन अंधाऱ्या जागेत चित्र उजळून दाखवतो. ढेलजेत तुम्हाला फोनवर सगळं दिसलं असेल, मुलाचा चेहरा आणि मागचा दरवाजाबाहेरचा रस्ता, दोन्ही. फोन प्रत्येक क्षणाला आपणच उजेड कमी-जास्त करतो आणि काळं ते वर उचलतो. तुमच्या कॅमेऱ्यावर ॲपर्चर एक ठरवणार, ते अख्ख्या शॉटला तसंच राहणार. म्हणून फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस लॉक होतो, आणि मग ढेलजेपासून आजीपर्यंत चालत जा. चौकात आल्यावर सगळं पांढरं झालं तर समजा खऱ्या शूटला ढेलजेत लाइट लागणार.

पन्नास_एमएम

एफएक्स 30 वर लॉगमध्ये, म्हणजे ऊन आणि काळोख दोन्ही सांभाळणाऱ्या फिक्या मोडमध्ये, शूट केलं तर एवढं पांढरं होत नाही. फोन लॉक करून बघाल तर उगाच घाबराल.

लाइटवाला_जालना

लॉगमध्ये ऊन सांभाळता येतं, मान्य. पण ढेलजेतल्या काळ्यातून चेहरा वर काढायला गेलात की दाणे येतात. मी घाबरतो त्या दाण्यांना.

पन्नास_एमएम

दाणे चालतात हो, जुन्या वाड्याला शोभतात.

त्रिमिती

मी लातूरचा, सध्या पुण्यात ॲनिमेशन शिकतोय. दादा, वाडा एकदाच उघडून मिळत असेल तर लायडार, म्हणजे अंतर मोजणारा सेन्सर, असलेल्या आयफोनवर चौक आणि ओसरी स्कॅन करून घ्या, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टाका. तिथं कॅमेऱ्याची सेन्सर रुंदी 23.3 ठेवली की कुठलीही लेन्स लावून घरबसल्या शॉट बघता येतो, आणि सूर्यही तारखेप्रमाणं फिरवता येतो.

गोदाकाठचा

तुमचं खरं आहे, पण लायडार पाच मीटरच्या पुढं नीट मोजत नाही, म्हणून चौकाच्या मधोमध उभं राहून सगळं येईल असं समजू नका, भिंतीजवळून फिरावं लागतं. चुन्याच्या पांढऱ्या सपाट भिंतीवर आणि अंधाऱ्या ढेलजेत फोनला आपण कुठं आहोत हेच कळेनासं होतं आणि भिंत दुहेरी उमटते. म्हणून स्कॅन केलं तरी दोन-तीन मापं टेपनं घ्या. दरवाज्याची रुंदी हे पहिलं.

कारण बालाघाटकरांच्या शॉटमध्ये मला खरी भीती त्याचीच आहे. भाऊ, ढेलजेचा आतला दरवाजा किती रुंद, आणि उंबरा किती उंच?

बालाघाटकर

दरवाजा 85 सेंटिमीटर. उंबरा चांगला वीतभर आहे.

गोदाकाठचा

मग फोनवरचा तुमचा शॉट तिथंच संपला. रागावू नका, सांगतो.

फोन हातात घेऊन उंबऱ्यावरून उलटं येताना तुम्ही काय केलंत ते आठवा. हात पुढं, फोन हाताच्या टोकाला, पाय आपोआप उंबरा शोधतात, अंग तिरकं करून दरवाज्यातून निघता येतं. गिंबलवर एफएक्स 30, लेन्स, मॉनिटर हे सगळं दोन्ही हातांत, पायाखालचं दिसत नाही, आणि लेन्सच्या मागं निदान दोन फूट माणूस असतो. त्याच्या पाठीवर हात ठेवून चालवणारा आणखी एक. माइकची काठी धरणारा बूमवाला कुठून येणार? ट्रॉली लावावी म्हणाल तर रूळ नेहमीचे 62 सेंटिमीटरचे, वर पाटा त्याहून रुंद, आणि मधे वीतभर उंबरा. नाही बसत.

हे फोनवरच कळून घ्यायची युक्ती आहे. दोन फुटांची काठी घ्या, झाडूचा दांडा चालेल. एका टोकाला फोन बांधा, दुसरं टोक छातीला टेकवा, दोन्ही हातांनी काठी धरा आणि तोच शॉट चाला. हात लांबवायचा नाही, काठी छातीवरून सोडायची नाही. जिथं काठी भिंतीला लागते, जिथं वळताना तुमची पाठ खांबाला आपटते, तिथं खरा कॅमेरापण अडकणार. मागं एक मित्र ठेवा, पडाल नाहीतर.

दुसरं, वळण. तुम्ही चौकात उलटे आलात, तोंड पूर्वेला. तिथून दक्षिणेला आजीकडं वळायचं, म्हणजे उजवीकडं 90 अंश. 35 ची लेन्स या सेन्सरवर आडवी साधारण 37 अंश बघते. म्हणजे जवळजवळ अडीच फ्रेम भरून वळायचंय. 24-25 फ्रेमवर शूट करताना एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सात सेकंदांच्या आसपास घेईल एवढं हळू वळलं तर चित्र थरथरत नाही, असा आमच्यात ढोबळ नियम आहे. हिशेब केला तर हे वळण सतरा सेकंदांचं. फोनवर तुम्ही किती सेकंदांत वळलात?

बालाघाटकर

आत्ता व्हिडिओ बघून सांगतो... तीन सेकंद.

गोदाकाठचा

फोन बहुतेक 30 किंवा 60 फ्रेमवर असणार, वर स्थिर करणारं सॉफ्टवेअर, म्हणून गुळगुळीत दिसलं. तुमच्या कॅमेऱ्यावर 25 फ्रेमला तीन सेकंदांत वळलात तर मधली भिंत, खांब सगळं तुटक उड्या मारत जाईल. हे आधीच बघायचं असेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे. आयफोनवर 2023 पासून आहे, अँड्रॉइडवर 2024 पासून, पण ठरावीक फोनांवरच चालतं. त्यात 25 फ्रेम, शटर 1/50, स्थिरीकरण बंद असं करता येतं. उन्हात 1/50 वर चित्र पांढरं फटक होईल, होऊ द्या. सकाळी लवकर किंवा सावलीत बघा. थरथर किती होते एवढंच बघायचंय.

पन्नास_एमएम

सात सेकंदांचा नियम फॉलो पॅनला लागू नसतो ना? माणूस चालतोय आणि कॅमेरा त्याच्यासोबत वळतोय तर डोळा माणसावर असतो, मागची थरथर कुणाला दिसते?

गोदाकाठचा

बरोबर. इथं तुम्ही पूर्ण बरोबर आहात. बालाघाटकर, यातच तुमची वाट आहे. मुलगा चौकात थांबतो म्हणून कॅमेरा एकटा वळतो. तो थांबलाच नाही, चालत आजीकडं गेला, तर कॅमेरा त्याच्यासोबत वळेल, तीन-चार सेकंदांत वळला तरी चालेल. आजीपाशी तो फ्रेममधून बाहेर निघाला की आजी उरते.

रंगपीठ

पण मुलगा थांबला नाही तर सीन बदलला. इतक्या वर्षांनी आलेला मुलगा सरळ आजीकडं चालत जातो आणि चौकात थांबतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅन थरथरतो म्हणून तो थांबायचं सोडणार?

खिचडी

आता खरी मजा. कुणी बाजू घ्या राव.

लाइटवाला_जालना

ताईंना +१. थांबला पाहिजे. आणि तुम्हाला चौकातच लाइट लावायला जागा मिळेल, चालत्या माणसाला लाइट करायचा म्हणजे डोकेदुखी.

नांदेडी_क्लिक

वळण 120 फ्रेमवर घ्या आणि स्लो करा. लग्नात मी तेच करतो, एकदम मक्खन.

गोदाकाठचा

एफएक्स 30 वर 4के 120 फ्रेमला सेन्सरचा बराच भाग कापला जातो. तुमचा 35 चा फ्रेम एकदम घट्ट होईल आणि वहीतले सगळे आकडे बाद. शिवाय शॉट सलग आहे, मधेच आजी स्लो मोशनमध्ये कशी जाणार?

नांदेडी_क्लिक

हां, सलग आहे होय. नीट वाचलं नव्हतं.

बालाघाटकर

मंडळी, काल गावी जाऊन आलो. मालकांनी फोनवरून किल्ली द्यायला सांगितलं, शेजारच्या काकूंनी उघडून दिलं, "सारखं सारखं येऊ नका" हेही सांगितलं.

आधी घरी पट्ट्या लावून आकडे काढले होते. माझ्या फोनवर 35 ला 1.9 आले, 50 ला 2.7. मेमधला व्हिडिओ मी 1 एक्सवर घेतला होता, त्यामुळं त्यात सगळंच मोकळं दिसत होतं. 1.9 वर चौकाच्या मधून आजीची जागा बघितली, तर बसलेली बाई डोक्यापासून मांडीपर्यंत येते, पुढं खांबाचा पाया. मला पाहिजे तो चेहरा त्यातून मिळत नाही.

काठी छातीला लावून ढेलजेतून उलटा आलो. दरवाज्यात काठी लागली नाही पण मीच लागलो, खांदा चौकटीला. उंबऱ्यावर भावानं धरलं. म्हणून ढेलजेतून यायचा विचार सोडला. कॅमेरा चौकातच सुरू होईल, मुलगा दरवाज्याच्या काळ्या चौकटीत उभा दिसेल, तिथून कॅमेरा मागं सरकेल. उलटं चालायचं अंतर दोन मीटरवर आलं.

दुपारी चौकाच्या दक्षिणेकडं सावलीची रेघ आत्ताच येऊ लागलीय. ॲपवर नोव्हेंबरची तारीख टाकली तर मास्तरांनी सांगितली तेवढीच आली. आधी सूर्यावर सूर्य बसवून घेतला होता, मोबाइलचं कव्हर काढावं लागलं.

गोदाकाठचा

आजीच्या चेहऱ्यासाठी 35 वरच राहायचं असेल तर कॅमेरा तिच्यापासून सव्वा मीटरच्या थोडं पुढं आणावा लागेल. एक मीटर चौतीस सेंटिमीटरवर 35 ला उभी अर्धा मीटर उंची दिसते, म्हणजे डोकं-खांदे. आजी ओसरीच्या कडेच्या खांबाला टेकलीय ना? मग चौकात उभ्या माणसाला ते अंतर मिळतं, वर चढायची गरज नाही. ओसरीचं जोतं किती?

बालाघाटकर

दोन फूट. तिचे डोळे माझ्या छातीच्या उंचीला येतात.

गोदाकाठचा

मस्त, गिंबल तिथंच धरला जातो. फक्त फोकसवाल्याला सांगून ठेवा. मुलावरून आजीवर वळताना आणि नंतर पुढं सरकताना दोनदा फोकस बदलणार. फोनमध्ये सगळंच स्पष्ट असतं म्हणून हे कधी कळत नाही. फरशीवर खडूनं तीन खुणा करून ठेवा, कॅमेरा कुठून सुटतो, कुठं वळतो, कुठं थांबतो. मागं सरकत कुठं थांबायचं ते गिंबलवाल्याला दिसणार नाही, म्हणून त्या खुणेवर कुणीतरी पाय ठेवून उभं राहायचं आणि पाठीला हात लागला की थांबायचं.

त्रिमिती

दादा, स्कॅन केलं का?

बालाघाटकर

मित्राचा आयफोन नेला होता. चौक चांगला आला, दरवाजा टेपशी जुळला. ढेलजेत भिंत दुहेरी आली, म्हणाले होते तसंच. फाइल तुला पाठवतो, तू सूर्य फिरवून थर्माकोल कुठं लपतील ते बघ.

लाइटवाला_जालना

मला पण पाठवा. उत्तरेच्या भिंतीला लागून ठेवले आणि कॅमेऱ्याची पाठ पश्चिमेला असेल तर डावीकडून दिसायचे वाटतंय. आजीकडं वळल्यावर मात्र ते कॅमेऱ्याच्या मागं जातात, म्हणजे कुणीतरी वळणाच्या वेळी आत ढकलायचे.

बालाघाटकर

राहिला प्रश्न मुलानं थांबायचं की चालत राहायचं. दोन्ही फोनवर घेऊन आणलंय, काठीवरूनच, 25 फ्रेमवर. थांबणारा बघवत नाही, भिंत उड्या मारतेय. पण थांबतो तेव्हाच काहीतरी होतं, भाऊ नट नसूनसुद्धा.

रंगपीठ

मग कट करा. "एकच शॉट" हा हट्ट कुणाचा आहे?

पन्नास_एमएम

किंवा तो थांबेपर्यंत वळूच नका. तो थांबतो, आवाज आजीचा येतो, तो तिकडं चालू लागतो, तेव्हा वळा. थांबणं पण मिळालं, फॉलो पॅन पण.

रंगपीठ

हं. हे चालेल बहुतेक. पण आवाज आजीनं का द्यावा? तिला तो दिसलेला नाही.

बालाघाटकर

बांगडी वाजली तर? ती शेंगा फोडत बसलीय.

खिचडी

शेंगा फोडत बसलीय तर मला पण पाठवा थोड्या. आणि बूमवाल्याला सांगा, शेंगांचा आवाज लई मोठा येतो.